झोपेची वही कोण वाचणार?

(वडवणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)





रात्र रात्र झोप लागत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जातो आणि बहुधा अल्प्राझोलमची चिठ्ठी घेऊन परततो. या गोळीच्या विक्रीची नोंद मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवायची, असा नियम २०१४ पासून आपल्या देशात लागू आहे. गोळीची सवय लागते, म्हणून हा नियम. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं, की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही. पहिला उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला सगळीकडे सीबीटी म्हणतात. २०१७ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी तेच लिहिलं आणि २०२३ साली त्यात भर घातली, की हा उपचार समोरासमोर द्या किंवा संगणक-मोबाइलवरून द्या.

वडवणीत बसून हा उपचार शिकलेला माणूस शोधायचा, तर बीड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणे, असा रस्ता धरावा लागतो. फोन मात्र घरोघरी आहे. म्हणून आजचा प्रश्न असा : सहा-आठ आठवडे माणसासमोर बसून जो उपचार घ्यायचा, तो फोनवरच्या कार्यक्रमाने होतो का? होत असेल तर कोणाचा होतो, आणि कोणाचा होत नाही?

मुळात हा उपचार काय आहे, ते आधी नीट समजून घेऊ. ‘चहा सोडा, मोबाइल बाजूला ठेवा, पाय धुऊन झोपा’ असा उपदेश म्हणजे हा उपचार, असं पुष्कळांना वाटतं. त्या उपदेशाने जुना निद्रानाश बरा होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली एक साधी गोष्ट मांडली. झोप उडायला काहीतरी निमित्त होतं : घरातला मृत्यू, पिकाचं नुकसान, मुलीच्या लग्नाचं कर्ज. निमित्त सरतं, पण झोप परत येत नाही. कारण मधल्या काळात माणूस झोप भरून काढायला लवकर अंथरुणावर जातो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो, दुपारी आडवा होतो. पाच तासांची झोप नऊ तासांच्या अंथरुणावर पसरते आणि पातळ होते. वर, अंथरूण दिसलं की शरीर जागं व्हायला शिकतं.

यावर उपचाराची दोन मुख्य कामं आहेत. पहिलं काम अंथरुणावरचा वेळ कापण्याचं. जेवढी झोप खरोखर मिळते, तेवढाच वेळ अंथरुणावर राहायचं, पण पाच तासांच्या खाली जायचं नाही. दुसरं काम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितलेलं : झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, जाग येऊन तळमळ सुरू झाली की उठायचं, दुसरीकडे बसायचं, झोप आली की परत यायचं, आणि सकाळी ठरलेल्या वेळी काही झालं तरी उठायचं. याच्या जोडीला मनातल्या विचारांवर काम होतं. ‘आज झोपलो नाही तर उद्या माझ्याने काही होणार नाही’ हा विचारच रात्री दोन वाजता माणसाला टक्क जागं ठेवतो. या विचारांची तपासणी चार्ल्स मोरिन यांनी झोपेच्या उपचारात पद्धतशीर बसवली. मराठी माणसाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली, ती याच घराण्यातली.

आता उपचाराच्या आधीची पायरी सांगतो. माझ्या मते फोन आणि माणूस यांतला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. ज्याला झोप मिळत नाही, त्या प्रत्येकाला निद्रानाश नसतो. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोपीवर राहणारी बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, आणि रात्री अवेळी गाडी आली की ती भरायला जाते. तिला आडवं व्हायला वेळ मिळाला, तर ती क्षणात झोपेल. तिच्याकडे झोप आहे, वेळ नाही. निद्रानाशाची व्याख्या याच्या उलट आहे : झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आणि त्याचा त्रास दिवसा होतो. ऊसतोडीवरच्या बाईला हा उपचार दिला, तर तिची उरलीसुरली झोपही आपण कापू. फोनवरच्या कार्यक्रमात ती खरी माहिती भरेल : झोप साडेचार तास, दिवसभर थकवा, चिडचिड. आकडे रुग्णाचेच दिसतील. ‘बाई, तुम्हाला झोपायला वेळ किती मिळतो?’ हे कोणीतरी विचारावं लागतं.

तसंच दुसरं. घोरणारा, घोरता घोरता श्वास अडकून दचकणारा, दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस वेगळ्या आजाराचा असतो. त्याच्या श्वासाची तपासणी आधी व्हायला हवी. ज्याला पूर्वी कधी काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, पैसा उधळला, अखंड बोलत सुटला, म्हणजे ज्याला उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, त्याची झोप कापणं धोक्याचं आहे. त्यातून नवा झटका येऊ शकतो. फिट येणाऱ्या माणसाचंही तेच. चांगले ऑनलाइन कार्यक्रम सुरुवातीला हे प्रश्न विचारतात, हे खरं. पण ‘तुम्हाला बायपोलर विकार आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’वर बोट टेकवायला क्षणही लागत नाही. बायकोला शेजारी बसवून विचारलं, की ती सांगते, ‘मागच्या साली पंधरा दिवस हे झोपलेच नव्हते, नवी गाडी बुक करून आले होते.’

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. हा कोणी प्रत्यक्ष रुग्ण नाही, हिशेब कळावा म्हणून मी रचलेला माणूस आहे. वय अठ्ठेचाळीस, गावात किराणा दुकान, जोडीला चार एकर शेत, एक विहीर. वडील गेल्यापासून वर्षभर झोपेचं बिनसलं आहे. रात्री साडेनऊला अंथरुणावर जातो, सकाळी सहाला उठतो. म्हणजे अंथरुणावर साडेआठ तास. घोरत नाही, दारू नाही, गोळी सुरू केलेली नाही. निद्रानाशाच्या तीव्रतेची सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, तिचे गुण शून्य ते अठ्ठावीस. सातपर्यंत ठीक, पंधराच्या पुढे उपचाराची गरज. याचे एकोणीस आहेत.

दोन आठवडे तो झोपेची वही लिहितो. रोज सकाळी, अंदाजाने : अंथरुणावर कधी गेलो, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी, उठलो कधी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, कारण घड्याळ बघणं हेच जागं राहण्याचं कारण बनतं. चौदा रात्रींची सरासरी निघते पाच तास दहा मिनिटं. साडेआठ तासांत पाच तास दहा मिनिटं, म्हणजे अंथरुणावरच्या वेळेपैकी एकसष्ट टक्केच झोप. निरोगी माणसाचा हा आकडा पंच्याऐंशीच्या वर असतो.

मग खिडकी ठरते सव्वापाच तासांची. दुकानाचं शटर उघडायची वेळ धरून उठायचं साडेपाचला, म्हणून झोपायचं सव्वाबाराला. पहिला प्रश्न इथेच येतो. गाव साडेनऊला निजतं, मग सव्वाबारापर्यंत हा माणूस करणार काय? घरात दोन खोल्या, एकीत आई, दुसरीत बायको आणि मुलं. कार्यक्रमात लिहिलेलं असतं, झोप नाही आली तर दुसऱ्या खोलीत जाऊन शांतपणे वाचा. दुसरी खोली कुठली? समोर बसलेला उपचारक विचारतो, ओसरी आहे का, गच्ची आहे का, दुकानाचा माळा आहे का. ओसरीवर खुर्ची, मंद दिवा, उद्याच्या मालाची यादी करायला घ्यायची, असं ठरतं. बायकोला सांगून ठेवायचं, की हे वेड नाही, उपचार आहे. नाहीतर चौथ्या रात्री ती म्हणते, ‘बारा वाजेपर्यंत भुतासारखं बसून काय राहता, चला आत.’ तिच्या प्रेमापोटी उपचार मोडतो.

पहिला आठवडा सरतो. सहा रात्री तो सव्वापाच तासांपैकी पावणेपाच तास झोपतो. म्हणजे नव्वद टक्के, उत्तम. नियम असा, की पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेलं की खिडकी पंधरा मिनिटांनी वाढवायची. खाली गेलं तर तेवढीच ठेवायची, फारच खाली गेलं तर आणखी कापायची. पण सातव्या रात्री थ्री-फेजची पाळी रात्रीची होती, सालगडी गावाला गेला होता. हा स्वतः मोटर लावायला शेतात गेला, पहाटे चारला परतला आणि ऐंशी मिनिटं झोपला. वहीत त्याने नेहमीचीच अंथरुणाची वेळ लिहिली, झोप ऐंशी मिनिटं. आता सात रात्रींचा हिशेब करा. अंथरुणावर छत्तीस तास पंचेचाळीस मिनिटं, झोप सुमारे तीस तास. उत्तर एक्क्याऐंशी टक्के. खिडकी वाढायची ती वाढली नाही, आणि ज्या कार्यक्रमाचा नियम कडक आहे, तिथे आणखी कापलीही जाऊ शकते.

माणूस ही वही वाचतो तेव्हा सातव्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, ‘ही रात्र काय झाली?’ उत्तर ऐकून तो ती ओळ बाजूला ठेवतो, सहा रात्रींचा हिशेब करतो आणि सांगतो, ‘उद्यापासून बाराला झोपा.’ पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्याचं काय करायचं, तेही बोलून ठरवतो. या एका पंधरा मिनिटांत पुष्कळ काही असतं. ज्याने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून नियम पाळले, त्याला फोनने सांगितलं की तुझी प्रगती नाही, तर तो पुढच्या आठवड्यात फोन उघडत नाही.

सगळं नीट चाललं तर आठव्या आठवड्याच्या सुमाराला हा गृहस्थ पावणेअकराला झोपतो, साडेपाचला उठतो आणि पावणेसातपैकी सहा तास गाढ झोपतो. आठ तास झोप कधीच येत नाही, आणि त्याला ती लागतही नाही. प्रश्नावलीचे गुण एकोणीसवरून आठ-नऊवर येतात. उपचार यशस्वी झाला म्हणायचा, तो एवढ्याला.

मधला काळ मात्र कठीण असतो. पहिले दोन-तीन आठवडे माणूस आधीपेक्षा जास्त पेंगतो. लक्ष लागत नाही, हातून चुका होतात. वेळ मोजणाऱ्या चाचण्यांतही या काळात माणसाचा प्रतिसाद मंदावलेला दिसला आहे. या दिवसांत मोटारसायकल, ट्रॅक्टर, जेसीबी चालवणाऱ्याने काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक लोक उपचार सोडतात ते याच काळात.

आता अभ्यास काय सांगतात, तिकडे वळू. फोन-संगणकावरचे कार्यक्रम कुचकामी आहेत, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. ब्रिटनमधल्या कॉलिन एस्पी यांनी ‘स्लीपिओ’ नावाच्या कार्यक्रमाची २०१२ साली परीक्षा घेतली. एका गटाला खरा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला तसाच दिसणारा खोटा, तिसऱ्याला नेहमीचा उपचार. खऱ्या कार्यक्रमाच्या गटाची झोप स्पष्टपणे जास्त सुधारली. इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून त्याची शिफारस केली. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ली रिटरबँड यांच्या कार्यक्रमाचा फायदा वर्षभर टिकल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. याच कार्यक्रमातून पुढे ‘सोमरिस्ट’ नावाचा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा कार्यक्रम तयार झाला आणि २०२० साली त्याला तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. तो विकणाऱ्या कंपनीने २०२३ साली दिवाळखोरी जाहीर केली. उपचार चांगला असला तरी तो कोणाच्या हाती आहे, हेही पाहावं लागतं, म्हणून हे सांगितलं.

पण दोघांना समोरासमोर उभं केलं तर? नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वद लोक होते. तीस जणांना समोर बसून उपचार, तीस जणांना ऑनलाइन, तीस जण प्रतीक्षेत. ऑनलाइनवाल्यांना लेखी अभिप्राय देणारा माणूसही होता. दोन्ही गट सुधारले, समोर बसलेले जास्त सुधारले. नॉर्वेतल्या एका प्रयोगात निद्राविकारांच्या दवाखान्यात आलेले एकशे एक रुग्ण होते, आणि ऑनलाइन कार्यक्रम पूर्ण स्वयंचलित होता. तिथेही दोन्हींचा उपयोग झाला आणि उपचार संपताना समोरासमोरची बाजू वरचढ ठरली. स्वीडनमधल्या एका छोट्या प्रयोगात मात्र उपचारकाची साथ असलेला ऑनलाइन कार्यक्रम आणि गटात बसून घेतलेला उपचार जवळजवळ बरोबरीने चालले.

यातून ‘माणूस श्रेष्ठ, यंत्र कनिष्ठ’ असा निष्कर्ष काढून मोकळं होता येत नाही. कारण आणखी दोन अभ्यास आहेत, आणि वडवणीच्या दृष्टीने मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात.

पहिला मिशिगन विद्यापीठातला, २०२१ सालचा. तिथे एका गटाने उपचारक समोर बसवून उपचार घेतला, दुसऱ्याने तोच उपचार व्हिडिओ कॉलवर. निकाल असा, की व्हिडिओवरचा उपचार समोरच्यापेक्षा कमी ठरला नाही. म्हणजे पडदा मध्ये आला म्हणून काही बिघडत नाही. पडद्यापलीकडे माणूस होता, आणि तो वही वाचत होता.

दुसरा इंग्लंडमधला, २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. सहाशे बेचाळीस रुग्ण, सगळे साध्या प्राथमिक दवाखान्यांतले. निम्म्यांना फक्त झोपेच्या सवयींची पुस्तिका दिली. उरलेल्या निम्म्यांना त्या पुस्तिकेबरोबर त्याच दवाखान्यातल्या नर्सने चार छोट्या बैठकांत अंथरुणावरचा वेळ कापण्याची पद्धत शिकवली. काही बैठका प्रत्यक्ष, काही फोनवर. या नर्स मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांना या एका कामाचं प्रशिक्षण दिलं होतं. सहा महिन्यांनी मघाच्या प्रश्नावलीत नर्सच्या गटाचे सरासरी गुण सुमारे अकरा होते, पुस्तिकावाल्यांचे सुमारे चौदा. हा फरक छोटा नाही.

माझं मत या दोन अभ्यासांवर उभं आहे. उपचाराची पद्धत फोनमध्ये मावते. वही वाचणं, सातव्या रात्रीची चौकशी करणं, तिसऱ्या आठवड्यात ‘आणखी आठ दिवस काढा, मग बोलू’ असं म्हणणं फोनमध्ये मावत नाही. पण त्यासाठी पुण्याच्या तज्ज्ञाचीच गरज आहे, असंही नाही. थोडक्या प्रशिक्षणावर नर्स ते करू शकते, आणि ते फोनवरूनही करता येतं.

उपचार अर्धवट सोडण्याबद्दल एकच आकडेवारी सांगतो. ब्रिटनमधल्या सव्वीस विद्यापीठांतल्या तीन हजार सातशे पंचावन्न विद्यार्थ्यांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यातल्या निम्म्यांना सहा बैठकांचा ऑनलाइन कार्यक्रम दिला होता. एक तरी बैठक उघडणारे एकोणसत्तर टक्के. दोन बैठका पाहणारे निम्मे. सगळ्या सहा पाहणारे अठरा टक्के. ही मुलं इंग्रजी बोलणारी, संगणकावर वाढलेली, विद्यापीठात शिकणारी. एवढी गळती होऊनही त्या गटाची सरासरी झोप सुधारली, हे कार्यक्रमाचं श्रेय आहे. पण ज्यांनी दुसऱ्या आठवड्यात सोडलं, त्यांना फोन करून ‘का सोडलंत?’ असं विचारणारं कोणी नव्हतं.

मग ऑनलाइन कार्यक्रम कोणी वापरावा? गावात असे लोक आहेत. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शहरात नोकरी करणारी आणि इंग्रजी सराईतपणे वाचणारी आपली मुलं-मुली. ज्यांचा निद्रानाश साधा आहे, ज्यांना श्वासाचा, उन्मादाचा, फिटचा, दारूचा प्रश्न नाही, जे रोजची झोपेची गोळी घेत नाहीत, आणि ज्यांची दिनचर्या ठरलेली आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची ‘इन्सोम्निया कोच’ आणि ‘सीबीटी-आय कोच’ ही दोन अ‍ॅप मोफत आहेत. त्यांतलं पहिलं स्वतःच्या स्वतः वापरण्यासाठी केलेलं आहे. दुसरं उपचारकाबरोबर उपचार चालू असताना जोडीला वापरायचं आहे. पुष्कळ जण दुसरं उतरवून घेतात, एकटेच वापरतात आणि काही होत नाही म्हणून काढून टाकतात. घेण्याआधी हा फरक पाहा. ज्यात झोपेची वही नाही, खिडकी ठरवणं नाही, नुसता पावसाचा आवाज आणि मंद संगीत आहे, ते अ‍ॅप मन रमवायला ठीक असेल, पण निद्रानाशाचा उपचार म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आणि कोणी वापरू नये? जो अनेक महिने रोज रात्री अल्प्राझोलम घेतो, त्याने अ‍ॅपच्या भरवशावर गोळी सोडू नये. अचानक सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात कापतात, छाती धडधडते आणि काहींना फिटही येते. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करावी लागते. ती कमी होत असताना हा उपचार जोडीला असला, तर सुटायला मदत होते. ज्याची पहाटे तीनला झोप उडते आणि जगण्यात राम उरला नाही असं वाटतं, त्यानेही अ‍ॅपपाशी थांबू नये. आपल्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचं दुःख किती पाहिलं आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. झोप उडणं हे त्या दुःखाचं पुष्कळदा पहिलं लक्षण असतं. अशा वेळी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर लावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा विभाग आहे, तिथे जा. लाज बाळगू नका.

राहिला तो तालुक्याचा प्रश्न. तज्ज्ञ वडवणीत येऊन बसेल, याची वाट आपण बघत राहिलो, तर हा उपचार आपल्या नातवंडांपर्यंतही पोहोचणार नाही. जे आज हाताशी आहे त्यावर बोलू. गावोगावच्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत. ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलण्याची सोय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. इंग्लंडच्या नर्सना जे शिकवलं, ते आपल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला शिकवता येईल : कोणाला घ्यायचं, कोणाला पुढे पाठवायचं, वही कशी वाचायची, खिडकी कशी वाढवायची. पहिली भेट उपकेंद्रात, पुढच्या फोनवर. कोड्यात पडल्यास अंबाजोगाईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं. वहीचा एक पानाचा मराठी नमुना छापायला काही फार खर्च येत नाही. त्यात एक रकाना आपल्या गरजेचा जास्तीचा घालावा : ‘रात्री शेतावर किंवा कामावर जावं लागलं का?’ हा रकाना परदेशातल्या कुठल्या कार्यक्रमात सापडायचा नाही, पण आपल्याकडे त्याच्याशिवाय हिशेब चुकेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मी या उपचारात ओढणार नाही, हे पुन्हा सांगतो. त्यांच्या झोपेचा प्रश्न मुकादमाच्या आणि कारखान्याच्या दारात सोडवावा लागेल : गाडी भरायच्या वेळा, सुट्टीचा दिवस, कोपीवरची वस्ती. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सभेत बसलेल्यांपैकी ज्यांची झोप तीन महिन्यांहून जास्त बिघडली आहे, त्यांना एक विनंती. उद्या सकाळपासून साध्या शाळेच्या वहीत रोज पाच गोष्टी लिहा : अंथरुणावर कधी गेलो, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी, उठलो कधी. दोन आठवडे लिहा. स्वतःच्या मनाने झोप कापायला लागू नका, चालू गोळी बंद करू नका. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि गोळी मागण्याआधी ती त्यांच्यापुढे ठेवा. आणि इथे बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पंचायत समितीच्या सदस्यांना माझी हात जोडून मागणी आहे, की तालुक्यातल्या निदान दोन उपकेंद्रांपासून या प्रशिक्षणाची सुरुवात याच वर्षी करा.